पाचशे कॅलरी एकदाच वजा करायच्या

आहारशास्त्राच्या पदविकेला बसणाऱ्या काही मुली परीक्षा जवळ आली की रविवारी संध्याकाळी दांडिया बाजारातल्या माझ्या घरी सरावाची उत्तरं तपासून घ्यायला येतात. मी बडोद्यातल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. या वेळी मी त्यांना एकच मोठा प्रश्न दिला आणि सगळ्यांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून तपासली. म्हणजे आधी सगळ्यांचं वर्गीकरण वाचलं, मग सगळ्यांची ऊर्जेची आकडेमोड आणि शेवटी आराखडा. असं तपासलं की कोण कुठून वेगळ्या वाटेला लागलं ते लगेच दिसतं. या प्रश्नात ती जागा अगदी ठळक निघाली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

प्रश्न मी बाह्यरुग्ण विभागात नेहमी दिसणाऱ्या बायकांवरून बेतला होता. स्त्री, वय ४२, बँकेत बैठं काम. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६६ किलो, कंबर ८८ सेंटिमीटर. टाइप २ मधुमेह, सकाळी नाश्त्याबरोबर ग्लिमेपिराइडची गोळी. शाकाहारी, सोमवारी आणि एकादशीला उपवास. स्थूलतेचं वर्गीकरण करा, ऊर्जेची गरज काढा आणि वजन कमी करण्याचा सुरक्षित आराखडा द्या. गुण पंधरा.

बीएमआय सगळ्यांचा बरोबर होता. १.५४ चा वर्ग २.३७ आणि ६६ भागिले २.३७ म्हणजे २७.८. पुढच्या ओळीला मात्र दोन गट पडले. काहींनी 'अतिरिक्त वजन' लिहिलं, काहींनी 'स्थूल'. गंमत अशी की दोन्ही बरोबर असू शकतं, आणि म्हणूनच नुसता शब्द लिहून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात २५ ते २९.९ म्हणजे अतिरिक्त वजन, ३० पासून पुढे स्थूलता. भारतीयांसाठी २००९ साली तज्ज्ञांच्या सहमतीनं ठरलेल्या निकषात २२.९ पर्यंत सामान्य, २३ ते २४.९ अतिरिक्त वजन आणि २५ पासून स्थूलता. रुग्ण भारतीय आहे, तेव्हा उत्तरात 'भारतीय निकषानुसार स्थूल' असं निकषाच्या नावासकट लिहायचं. शिवाय खाली एका ओळीत कारण द्यायचं की तेवढ्याच बीएमआयला दक्षिण आशियाई माणसाच्या अंगात चरबी जास्त असते, विशेषतः पोटात, आणि स्नायू कमी असतात; त्यामुळे मधुमेहाचा धोका कमी बीएमआयलाच सुरू होतो. हे कारण कुणीच लिहिलं नव्हतं. माझ्या मते त्या ओळीला एक गुण नक्की मिळायला हवा, कारण दोन तक्ते का आहेत हे विद्यार्थिनीला समजलंय याचा तो पुरावा आहे.

कंबरेचा आकडा प्रश्नात दिलेला असूनही निम्म्या उत्तरांनी त्याला हातच लावला नव्हता. भारतीय स्त्रीसाठी मर्यादा ८० सेंटिमीटर, पुरुषासाठी ९०. या बाईंची ८८ आहे, म्हणजे पोटावरची स्थूलता आहे आणि जोडीला मधुमेह आहे. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी सुधारित मांडणी केली. तीत बीएमआय २३ च्या पुढे गेला की दोन टप्पे पाहतात: शरीराच्या कामावर अजून परिणाम दिसत नसेल तर पहिला टप्पा, पोटावरची चरबी वाढलेली असून तिच्यामुळे आजार किंवा हालचालींवर मर्यादा आली असेल तर दुसरा. आपल्या बाई दुसऱ्या टप्प्यात बसतात. हे लिहायचं असेल तर जुन्या वर्गीकरणाच्या जागी न लिहिता त्याच्या खाली लिहा, कारण अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत अजून जुनंच आहे.

कंबर मोजायची कशी, हेही एका मुलीनं विचारलं. परकराची किंवा सलवारची नाडी बांधतो ती जागा नव्हे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, यांच्या मधोमध टेप आडवी धरायची. श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. नाडीच्या जागी मोजलं तर तीन-चार सेंटिमीटरचा फरक सहज पडतो आणि सीमेवरच्या रुग्णाचा गट बदलतो.

आता ऊर्जा. इथं सगळ्या उत्तरांचे रस्ते फुटले.

पहिल्या मुलीनं बाईंच्या सध्याच्या वजनावरून सुरुवात केली होती. तीस ते साठ वयाच्या भारतीय स्त्रीसाठी आयसीएमआरचं जे सूत्र शिकवलं जातं ते असं: वजन गुणिले ८.३, अधिक ७८८. म्हणजे ५४८ अधिक ७८८, साधारण १३३६ किलोकॅलरी. हा झाला मूलभूत चयापचय, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी चोवीस तासांत खर्च होणारी ऊर्जा. बैठ्या कामासाठी १.४ नं गुणलं की १८७०. त्यातून ५०० वजा, १३७०.

दुसरीनं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यातला आकडा घेतला. बैठं काम करणाऱ्या स्त्रीसाठी १६६० किलोकॅलरी. त्यातून ५०० वजा, ११६०.

तिसरीनं उंचीतून शंभर वजा करून आदर्श वजन ५४ किलो काढलं, स्थूल आणि बैठ्या रुग्णाला दर किलोमागे २५ किलोकॅलरी या ठोकताळ्यानं गुणलं, १३५० आले. तिथं थांबली असती तर उत्तर ठीक होतं. पण 'आठवड्याला अर्धा किलो उतरवायचं तर रोज ५०० ची तूट हवी' हे वाक्य तिच्या डोक्यात पक्कं होतं, म्हणून तिनं पुन्हा ५०० वजा केले. उरले ८५०.

तिघींच्या पायऱ्या वरवर सारख्याच दिसतात: गरज काढा, पाचशे वजा करा. पण वजाबाकी कशातून केली हे पाहायला हवं. ऊर्जेची तूट म्हणजे आत्ताचं शरीर जेवढं खर्च करतं आणि आत जेवढं जातं यांतला फरक. आत्ताचं शरीर ६६ किलोंचं आहे. तक्त्यातली १६६० ची गरज ५५ किलोंच्या संदर्भ-स्त्रीची आहे, या बाईंची नाही. तो आकडा घेतला त्याच क्षणी अकरा किलोंच्या शरीराचा खर्च आधीच कापला गेला. ५४ किलो गुणिले २५ चं तर अजून स्पष्ट आहे. १८७० मधून १३५० गेले की ५२० उरतात. म्हणजे त्या ठोकताळ्यात पाचशेची तूट मुळातच धरलेली आहे. म्हणून पहिल्या मुलीचे १३७० आणि तिसरीचे पुन्हा वजाबाकी करण्याआधीचे १३५० जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. हे दोन रस्ते वेगवेगळे आहेत. सध्याचं वजन घेतलंत तर तूट तुम्ही वजा करायची. आदर्श वजन आणि कमी केलेला गुणक घेतलात तर ती आत आहे, पुन्हा हात लावायचा नाही.

तपासताना मी आता समासात एकच खूण करते: कोणतं वजन घेतलं? त्याचं उत्तर पानावर सापडलं नाही तर पुढचा आकडा बरोबर असला तरी तो योगायोग समजते.

तिसऱ्या मुलीनं मला मनापासून विचारलं, "ताई, पण बाईंना वजनच कमी करायचंय ना? ८५० दिलं तर लवकर उतरेल, मग चूक काय?" चांगला प्रश्न होता, म्हणून आम्ही त्यावर बराच वेळ थांबलो. ८०० किलोकॅलरींच्या खालच्या आहाराला अत्यल्प ऊर्जेचा आहार म्हणतात, आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, खास बनवलेल्या संपूर्ण पोषणाच्या पदार्थांवर, ठरावीक मुदतीसाठी देतात. घरच्या भाजी-भाकरीतून ८५० मध्ये प्रथिनं, लोह, कॅल्शियम बसवणं शक्य होत नाही. शरीर मग चरबीबरोबर स्नायूही मोडतं. वजन फार झपाट्यानं उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आणि या बाई ग्लिमेपिराइड घेतात, त्याबद्दल पुढे येतेच. प्रश्नातला 'सुरक्षित' हा शब्द याच गोष्टींसाठी आहे.

पहिल्या मुलीचं उत्तर मी आदर्श म्हणून ठेवलं, पण त्यालाही एक पुरवणी जोडली. १८७० हा मोजलेला आकडा नाही, अंदाज आहे. परदेशी पुस्तकांत मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र असतं. त्यानं याच बाईंचा मूलभूत चयापचय सुमारे १२५० येतो आणि १.४ नं गुणलं की १७५०. आयसीएमआरच्या २०१० च्या अहवालात बैठ्या कामाचा गुणक १.५३ होता, २०२० मध्ये १.४ झाला, जुना धरला तर गरज २०४० च्या पुढे जाते. म्हणजे एकाच बाईंसाठी जवळजवळ तीनशेची ओढाताण. परीक्षेत याला घाबरायचं कारण नाही. कोणतं सूत्र आणि कोणता गुणक घेतला ते लिहायचं, १४०० किलोकॅलरींचा गोल आकडा ठरवायचा आणि चार आठवड्यांनी वजन पाहून दुरुस्त करू असं लिहायचं. सूत्र सुरुवात करून देतं, पुढचं काटा सांगतो.

किती दिवसांत किती उतरेल, इथं बहुतेकींनी एकच हिशेब केला होता. एक किलो चरबी म्हणजे ७७०० किलोकॅलरी, रोज ५०० म्हणजे आठवड्याला ३५००, म्हणजे ०.४५ किलो, सव्वीस आठवड्यांत जवळजवळ बारा किलो, ६६ उणे १२, ५४. आदर्श वजन नेमकं हाती येतं, त्यामुळे हा हिशेब फार पटतो. पण तो धरून चालतो की सहा महिने शरीराचा खर्च तसाच राहील, आणि तसा तो राहत नाही. बाई ६० किलोंवर आल्या की त्याच सूत्रानं गरज १८०० होते. आहार १४०० चाच असेल तर सुरुवातीची ४७० ची तूट ४०० वर येते. शिवाय वजन उतरताना शरीर सूत्रापेक्षाही थोडी जास्त काटकसर करतं, आणि माणूस नकळत हालचालही कमी करतो. पहिल्या आठवड्यात याच्या उलट घडतं: काटा अपेक्षेपेक्षा जास्त खाली जातो, पण त्यात मोठा भाग यकृत-स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनचा आणि त्याला धरून असलेल्या पाण्याचा असतो. त्या आकड्यावरून पुढचा वेग ठरवला तर महिन्याभरानं रुग्ण निराश होतो आणि आपल्यावरचा विश्वास गमावतो. म्हणून उद्दिष्ट असं लिहायचं: सहा महिन्यांत सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के, या बाईंसाठी ३.३ ते ६.६ किलो. एवढ्या घटीनंही रक्तातली साखर आणि रक्तदाब सुधारतात.

मग १४०० ची वाटणी. प्रथिनं ६० ग्रॅम ठेवली, कारण तूट असताना स्नायू वाचवायला नेहमीच्या किलोमागे ०.८३ ग्रॅमपेक्षा थोडी जास्त लागतात. ६० ग्रॅमच्या २४० किलोकॅलरी. स्निग्ध ४० ग्रॅम, ३६०. उरलेल्या ८०० कर्बोदकांच्या, म्हणजे २०० ग्रॅम. हे तीन आकडे सगळ्यांना येतात. अडतं ते त्यापुढे, ताटात. म्हणून आम्ही घटक कच्च्या वजनात मांडून पाहिले. धान्य १५० ग्रॅम म्हणजे दिवसभराच्या पोळ्या, भाकरी, भात सगळं मिळून. डाळी आणि कडधान्यं ७५ ग्रॅम. टोन्ड दूध ४०० मिलिलिटर, त्यातच दही-ताक. पनीर ४० ग्रॅम. भाज्या ४०० ग्रॅम, बटाटा-रताळं सोडून. एक मध्यम फळ. आणि तेल-तूप १५ ग्रॅम. बेरीज केली तर ऊर्जा १४०० च्या आसपास, प्रथिनं साठच्या आसपास येतात. शाकाहारी माणसाच्या ताटात दूध आणि डाळ कमी केली की प्रथिनांचा आकडा लगेच कोसळतो. हे मुलींनी स्वतः एकेक घटक काढून पाहिलं.

खरी अडचण त्या पंधरा ग्रॅम तेलात आहे. पंधरा ग्रॅम म्हणजे छोटे तीन चमचे, दिवसभरात, फोडणी धरून. बहुतेक उत्तरांत 'तेलकट पदार्थ टाळा' एवढंच वाक्य होतं. आमच्या बडोद्यात त्यानं काही हाती लागत नाही, कारण रुग्ण फाफडा, गाठिया आणि शेवउसळीवरची शेव आठवतो आणि म्हणतो, ते तर आम्ही रविवारीच खातो. रोजच्या भाजीतलं तेल त्याच्या मोजणीत येतच नाही. मी रुग्णाला विचारते, महिन्याला सिंगतेल किती लागतं आणि घरात जेवणारी माणसं किती? चौघांच्या घरात पाच लिटर सांगितलं तर ते साडेचार किलोंच्या वर. चार माणसं आणि तीस दिवसांनी भागलं की माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम. त्याच्या ३४० किलोकॅलरी झाल्या. तेच १५ ग्रॅमवर आणलं की रोजच्या साधारण २०० किलोकॅलरी कमी झाल्या, एकही पोळी कमी न करता. पाचशेपैकी दोनशे कुठून आल्या हे असं दाखवणारं उत्तर परीक्षक दुसऱ्यांदा वाचेल. मग उरलेल्यांतल्या काही दुपारच्या चहाबरोबरच्या चिवड्यातून आणि चहातल्या साखरेतून निघतात.

चालण्याबद्दल एक दुरुस्ती सगळ्यांनाच सांगावी लागली. अर्धा तास भरभर चालणं म्हणजे ३०० किलोकॅलरी, असं दोघींनी लिहिलं होतं. ६६ किलोंच्या बाईंसाठी तो खर्च साधारण १३० भरतो, आणि बसून राहिल्या असत्या तरी झालाच असता तो भाग काढला तर शंभर. चालणं लिहायचंच, साखरेसाठी आणि वजन टिकवण्यासाठी ते फार कामाचं आहे. जोडीला आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायामही. पण त्याच्या भरवशावर आहारात सूट देऊ नये.

आता गोळी आणि उपवास. हा भाग फक्त एका मुलीच्या उत्तरात होता, आणि तिला मी सर्वांत जास्त गुण दिले. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. गोळी घेतली आणि जेवण लांबलं, किंवा आहार अचानक निम्म्यावर आणला, तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते: हात थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून आराखड्याच्या पहिल्याच ओळीत लिहायचं की आहार बदलण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवून गोळीची मात्रा तपासून घ्यावी. मात्रा आपण बदलायची नाही, तो अधिकार आपला नाही. पण आपण न कळवता १४०० चा तक्ता हातात दिला तर होणाऱ्या त्रासाची जबाबदारी आपली आहे. मी हे फार आग्रहानं सांगते.

"सोमवार-एकादशीला गोळीचं काय करायचं?" तिनं विचारलं. हेही डॉक्टरांनाच विचारायला रुग्णाला सांगायचं, आणि निर्जळी किंवा दिवसभर उपाशी राहणं टाळायला सांगायचं. आपलं काम ताटाचं. बहुतेक उत्तरांत उपवासाचा दिवस 'कमी कॅलरींचा दिवस' धरला होता. प्रत्यक्षात साबुदाण्याच्या खिचडीची एक भरलेली ताटली, साठ ग्रॅम साबुदाणा, पंचवीस ग्रॅम दाण्याचं कूट, बटाटा आणि सढळ तूप धरलं तर ५०० किलोकॅलरींच्या आसपास जाते, आणि प्रथिनं जेमतेम सात-आठ ग्रॅम, तीही बहुतेक दाण्यांमुळेच. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात आणि साखर भराभर चढवण्यात तो पुढे. त्याऐवजी राजगिऱ्याची किंवा शिंगाड्याची भाकरी, दही, काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याची भाजी, मूठभर भाजलेले दाणे, दूध आणि एक फळ, असं तीन वेळांत वाटून दिलं की उपवासही राहतो आणि पोट फार वेळ रिकामं राहत नाही. उपवास सोडा, असं लिहिलेल्या दोन उत्तरांना मी तिथं गुण दिले नाहीत. तो तक्ता बाई घरी जाऊन बाजूला ठेवतील.

शेवटचा भाग पाठपुराव्याचा. तो घाईत दोन ओळींत उरकला जातो. चार आठवड्यांनी वजन आणि कंबर, सकाळी, एकाच काट्यावर. घट दीड-दोन किलोंची असेल तर तसंच चालू. घट जवळजवळ नसेल तर लगेच १२०० वर उडी मारायची नाही. आधी तीन दिवसांचं खाणं लिहून आणायला सांगायचं, तेलाचा डबा पुन्हा विचारायचा, कारण बहुतेक वेळा लिहिलेल्या १४०० च्या जागी १७०० पोटात जात असतात. तेही नीट असेल तर थायरॉइडची तपासणी झाली आहे का हे विचारायचं. आठवड्याला एक किलोपेक्षा जास्त घट सतत होत असेल तर आहार वाढवायचा. मधुमेही रुग्णात साखर तपासायची, कारण साखर अनियंत्रित असल्यामुळेही वजन असंच उतरतं आणि ते यश समजून चालत नाही.

सहा महिन्यांनी बाई ६० किलोंवर आल्या असं धरू. बीएमआय २५.३. तक्त्यात त्या अजून 'स्थूल' याच रकान्यात आहेत, आणि म्हणून एका उत्तरात शेवटी 'उद्दिष्ट अपूर्ण, आहार १००० वर आणावा' असं लिहिलं होतं. तिथं मी लाल शाईनं लिहिलं: नऊ टक्के वजन गेलं, कंबर आणि दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी पाहा, गोळीबद्दल डॉक्टरांना पुन्हा कळवा, आणि पुढचे काही महिने १६०० ते १७०० वर वजन टिकवून दाखवा, त्यानंतर पुढच्या टप्प्याचं ठरवू.